दोर चढताना मुठी का उघडतात: हात, विंग्स आणि पाय यांच्यातली भाराची वाटणी

प्रश्न: चोपड्याजवळ आमच्या गावच्या तालमीत पाच मीटर उंचीवरच्या लोखंडी पाइपाला जाड सुती दोर टांगला आहे. माझी उंची 5 फूट 7 इंच, वजन 72 किलो. बारवर 9 पुल-अप्स निघतात. दोरावर मात्र साडेतीन मीटरच्या खुणेला हात पोचला की दंड भरून येतात आणि मुठी आपोआप उघडतात. पायांनी दोर धरतो, पण एका वेळी वीतभरच वर सरकतो. पकड वाढवू, विंग्स वाढवू की बायसेप्स?

उत्तर:

भाऊ, तुम्ही लिहिलेल्यातलं सगळ्यात कामाचं आहे ते ‘वीतभर’. तुमची पकड कमी पडते हे खरं, पण ती कमी पडते कारण तिला गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ काम करावं लागतं. पाय वापरायला मोकळीक आहे असं धरून पुढचं लिहितो. फक्त हातांनी चढायचं असेल तर हिशोब वेगळा, त्याचं शेवटी सांगतो. खांद्याला किंवा कोपराला जुनी दुखापत असेल तर आधी ती दाखवून घ्या, कारण दोरावर या दोन सांध्यांना विश्रांती मिळत नाही.

आधी तुमचाच हिशोब मांडू. जमिनीवर उभं राहून वर केलेला तुमचा हात साधारण 2.15 मीटरवर पोचत असेल. म्हणजे वरच्या पाइपाला हात लावायला शरीर 2.85 मीटर उचलायचं आहे. वीत म्हणजे 20 सेंटिमीटर धरली तर चौदा टप्पे झाले. प्रत्येक टप्प्यात पाय वर घेऊन दोर पायात पकडेपर्यंत तुम्ही दोन हातांवर लोंबकळत असता. ज्यांचा पायाचा विळखा पक्का बसलेला नसतो त्यांना दोर शोधायला आणि पकडायला सहज तीन सेकंद लागतात. चौदा गुणिले तीन, म्हणजे 42 सेकंद पूर्ण 72 किलो मुठींवर. साडेतीन मीटरची खूण जवळजवळ अर्ध्या वाटेवर येते. तिथपर्यंत सात टप्पे होतात, म्हणजे लोंबकळण्याची 21 सेकंदं, आणि वर हात बदलतानाचे धक्के वेगळेच. मुठी तिथे उघडतात यात नवल नाही.

आता तीच चढाई गुडघे छातीपर्यंत आणून केली तर एका टप्प्यात 45 सेंटिमीटर मिळतात. टप्पे सात होतात. विळखा दोन सेकंदांत बसला तर लोंबकळणं एकूण 14 सेकंद, तेही तुकड्या-तुकड्यांत. आज तुमच्या हातात जेवढी ताकद आहे तेवढ्यातच हे बसतं. म्हणून तुमच्या तीन पर्यायांपैकी एकही मी पहिला घेणार नाही. पहिला नंबर पायांचा.

हे का, ते कळायला एका टप्प्यात भार कुठून कुठे जातो ते बघू. सुरुवातीला हात वर, कोपरं सरळ, पाय खाली. भार सगळा हातांवर, दोन्ही सारखे धरले तर एकेकावर 36 किलो. कोपर सरळ असल्यामुळे बायसेप्सला जवळजवळ काम नसतं. भार हाडं आणि सांध्याचे बंध पेलतात, फक्त बोटं मिटलेली ठेवणारे फोअरआर्मचे स्नायू राबतात. मग गुडघे छातीकडे येतात. हे काम पोटाचं आणि मांडीच्या मुळातल्या स्नायूंचं. हातांवरचा भार कमी होत नाही, पण वाढतही नाही. तिसऱ्या पायरीला विळखा बसतो आणि तुम्ही उभे राहता. इथे भार पायांकडे जातो. मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंब शरीर वर ढकलतात, हात फक्त तोल धरतात. चौथ्या पायरीला पायांवर उभं असतानाच एक हात वर, मग दुसरा वर, कोपरं पुन्हा सरळ.

तुमच्याकडे या चौथ्या पायरीत काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो. विळख्यावर विश्वास नसला की माणूस उभा राहण्याआधीच हातांनी ओढतो. कोपरं वाकतात, आणि वाकलेल्या कोपरांवर लटकूनच एक हात सोडतो. त्या क्षणी 72 किलो एका वाकलेल्या हातावर असतात. बारवरच्या पुल-अपमध्ये हात सुटत नाहीत, भार दोघांत वाटलेला असतो. नऊ पुल-अप्स निघूनही दोरावर अडकायला होतं त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण पकडीचं आहे. बार आडवा असतो, बोटांचा आकडा करून त्यावर अडकवता येतो. दोर उभा असतो, आकडा कशालाच अडकत नाही. हात घसरू नये याची सगळी जबाबदारी घर्षणावर, आणि घर्षण मिळतं ते दाबल्यानेच. त्यामुळे तेवढंच वजन पेलायला दोर बारपेक्षा जास्त आवळावा लागतो. अंगठा बोटांच्या उलट बाजूने दाबून बसला पाहिजे. बरेच जण अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवतात आणि मूठ अर्धीच वापरतात. जोरात आवळून धरलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठाही दाबला जातो. तुम्ही ‘भरून येतात’ म्हणता ते तेच. मधल्या एक-दोन सेकंदांच्या सैलाव्याने तो पुरवठा परत सुरू होतो. म्हणून पायांवर उभं असताना मूठ मुद्दाम ढिली करायची असते. विळख्याचा खरा फायदा उंचीइतकाच या सैलाव्यात आहे.

आता विंग्स आणि बायसेप्स यांची वाटणी. इथे बारकावा आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. विंग्स, म्हणजे लॅटिसिमस, पाठीच्या कण्यापासून आणि कमरेपासून निघून दंडाच्या हाडाला वरच्या टोकाजवळ जोडलेला असतो. त्याचं काम वर गेलेला दंड खाली आणि शरीराकडे ओढणं. बायसेप्स कोपर वाकवतो. मूठ अंगठा वर अशी असल्यामुळे त्याच्याखालचा ब्रॅकियालिस आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचा ब्रॅकिओरेडियालिस हेही त्याला मदत करतात. ओढताना कोणावर किती येईल हे कोपर दोराच्या रेषेपासून किती लांब आहे त्यावर ठरतं.

भार मुठीतून दोराच्या रेषेत खाली जातो. कोपर त्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाजूला गेलं, तर 36 किलो त्या 20 सेंटिमीटरच्या तरफेने कोपराला उघडायला बघतात. बायसेप्सचा कंडरा मात्र कोपराच्या सांध्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर ओढतो. म्हणजे त्याला आणि त्याच्या साथीदारांना मिळून 36 गुणिले 20 भागिले 4, म्हणजे 180 किलोइतका ओढ द्यावा लागतो, तोही एका हातात. हा ढोबळ हिशोब आहे, माणसागणिक बदलेल. पण कोपर पाच सेंटिमीटरवर ठेवलं तर तोच आकडा 45 वर येतो, आणि उरलेलं काम खांद्यावर, म्हणजे विंग्सवर जातं. तो स्नायू मोठा आहे, लवकर थकत नाही. तुमचे दंड आधी भरतात याचा अर्थ बहुतेक कोपरं बाहेर जात आहेत.

हे सुधारायला ओढण्याची सुरुवात कोपरापासून न करता खांद्यापासून करा. लटकताना खांदे कानाजवळ गेलेले असतात. आधी दोन्ही खांदे खाली घ्या, मान लांब होऊ द्या, मग कोपरं बरगड्यांकडे खाली खेचा. फोअरआर्म दोराला समांतर राहिला पाहिजे. छाती दोराला लागते की नाही हे बघितलं की कोपरांचं आपोआप कळतं. छाती दोरापासून वीतभर लांब असेल तर कोपरं बाहेर असणार.

कमरेचंही तसंच. पायावर उभं राहताना नितंब मागे गेले की हातांना शरीर आत ओढावं लागतं. पाय ते मुठी अंतर 1.3 मीटर आणि शरीराचा मध्य दोरापासून 25 सेंटिमीटर मागे असेल, तर 72 गुणिले 0.25 भागिले 1.3, म्हणजे सुमारे 14 किलोची आडवी ओढ हातांनी धरावी लागते, पाय पक्के असले तरीही. मध्य 10 सेंटिमीटरवर आणला की ती साडेपाच किलोवर येते. उठताना कंबर दोराकडे ढकला, पोट दोराला लावायचं अशा भावनेने.

आता विळखा. दोर उजव्या मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरून खाली येऊ द्या. डाव्या पायाने तो उजव्या तळव्याखालून आत ओढून घ्या, म्हणजे दोर डाव्या पायाच्या पाठीवर येऊन पडतो आणि त्याचं शेपूट डावीकडे खाली लोंबतं. मग उजव्या तळव्याने, टाचेच्या जरा पुढच्या भागाने, डाव्या पायावरचा दोर दाबा आणि डाव्या पायाची बोटं वर उचला. दोर दोन्ही पायांमधून वळण घेत जातो, म्हणून त्याला घसरायला जागा राहत नाही. जितकं वजन टाकाल तितका तो जास्त आवळतो. तुम्ही बहुधा दोन्ही पायांच्या आतल्या कडांनी दोर चिमटता. ती पकड सरळ दोरावर असते, वळण नसतं, आणि सगळा दाब मांडीच्या आतल्या स्नायूंनी द्यावा लागतो. ती घसरणारच.

गुडघे वर किती आणायचे? विळखा बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर किंवा त्याहून वर हव्यात. इथेच माणसं चुकतात: आधी विळखा बसवतात आणि नंतर गुडघे वर ओढायला बघतात. बसलेला विळखा वर सरकत नाही. विळखा आधी सोडायचा, पूर्ण गुडघे वर घ्यायचे, आणि वरच नवा बसवायचा. तोवर हात सरळ. पोट कच्चं असेल तर गुडघे वर येत नाहीत. मग वीतभरच मिळते आणि दोष पकडीला जातो.

आता तुमच्या बाबतीत नेमकं काय कमी आहे हे तीन चाचण्यांत कळेल. ताज्या हातांनी, वेगवेगळ्या दिवशी करा. पहिली: दोराला हात सरळ, पाय मोकळे, लटकून घड्याळ लावा. 30 सेकंद टिकलात तर पकड या चढाईला पुरेशी आहे. 15 च्या खाली असाल तर पकडीवर खरंच काम हवं. दुसरी: खुर्चीवर बसून विळखा बसवा, दोर उंचावर धरून उठून उभे राहा आणि खुर्ची बाजूला काढायला सांगा. मुठी दोरावर ठेवून ढिल्या करा. पाय पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली घसरले तर विळखा कच्चा. तिसरी: बारला लटकून गुडघे छातीला लावा, संथपणे दहा वेळा. सहा-सातवर अंग झुलायला लागलं तर पोट कच्चं. तुमच्या वर्णनावरून दुसरीत आणि तिसरीत तुम्ही अडकाल असा माझा अंदाज आहे.

तालमीत आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, साधारण असं करा. सुरुवात खुर्चीवरच्या विळख्याने: बसवा, उठा, बसा, सोडा, असं पाच-पाचच्या तीन फेऱ्या. डोळे मिटून विळखा बसेपर्यंत हे चालू ठेवा, कारण वर गेल्यावर खाली बघायला मान वळवली की कंबर मागे जाते. मग फक्त दोन टप्पे चढा आणि उतरा, असं पाच-सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. त्यानंतर दोराला लटकून गुडघे वर, आठच्या तीन फेऱ्या. हातांचं काम शेवटी, तेही हलकं: दोर धरून पाय जमिनीवर पुढे टेकून मागे रेला आणि कोपरं बरगड्यांना घासत छाती दोराला लावा. दोन-तीन आठवड्यांत दोन टप्प्यांचे चार करा, मग सात. थकलेल्या हातांनी पूर्ण चढाईचा हट्ट केला तर चुकीचा ढंगच पक्का होतो.

आतल्या बाजूचं कोपर दुसऱ्या दिवशी दुखत असेल तर थांबा. स्नायू भरून येणं एक-दोन दिवसांत जातं. कोपराच्या हाडाजवळचं टोचणारं दुखणं कंडऱ्याचं असतं, आणि ते रेटलं तर महिनोन्महिने राहतं.

दोराबद्दलही थोडं, कारण वाटणी त्यावरही बदलते. 32 ते 40 मिलिमीटर जाडीचा सुती दोर सगळ्यात बरा. काथ्याचा दोर पकडीला चांगला, पण हात आणि पोटऱ्या सोलतो. शेतातला बारा-पंधरा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर वापरू नका. तो मुठीत बुडतो, पायात रुतत नाही, आणि उतरताना घासला तर भाजतो. दोरीच्या मल्लखांबाचा दोर बारीक असतो खरा, पण तिथे दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरतात. ते वेगळं शास्त्र आहे, त्याची मिसळ इथे नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. घामाने सुती दोर ओला झाला की मूठ जास्त आवळावी लागते, म्हणजे पकड लवकर संपते. पहाटे सराव करा, तळहात फडक्याने पुसा, मॅग्नेशियमची पांढरी पूड मिळाली तर अगदी थोडी लावा. तळहाताला तेल लावून आलात तर त्या दिवशी चढू नका. आणि पाइपाचे वेल्डिंग, दोराची गाठ हे दर आठवड्याला बघा. धक्क्याने चढणारा माणूस पाइपाला स्वतःच्या वजनापेक्षा बराच जास्त ओढतो.

फक्त हातांनी चढायचं असेल तर? 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपर्यंत जिम्नॅस्टिक्समध्ये दोर चढण्याची शर्यत असे, आणि ती पायांच्या मदतीशिवाय हातांनी चढायची असे. तिथे पायांचा वाटा शून्य आणि प्रत्येक हातबदलाला पूर्ण शरीर एका हातावर. त्यासाठी आधी वाकलेल्या कोपरांनी दोरावर दहा सेकंद थांबता आलं पाहिजे, मग त्याच अवस्थेत एक हात क्षणभर सोडता आला पाहिजे. हात लांब टाकू नका. 25-30 सेंटिमीटरची आखूड ओढ घ्या, म्हणजे वाकलेलं कोपर उघडत नाही आणि विंग्स कामावर राहतात. आज तुम्ही त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. विळख्याने सात टप्पे सहज झाले, वर पोचून मुठी ढिल्या करता आल्या, तेव्हा तो विचार करा.

उतरण्याचं राहिलं. पाइपाला हात लागला म्हणजे चढाई अर्धीच झाली, आणि पुढच्या अर्ध्यातही अपघात होतात. विळखा बसलेला ठेवून उजव्या तळव्याचा दाब जरा कमी करा, दोर पायांतून सरकू द्या, आणि त्याच वेगाने हात एकाखाली एक आणा. हातांनी दोरावरून घसरत येऊ नका, तळहाताची कातडी पहिल्या मीटरमध्येच जाते. दर टप्प्याला पुढच्या चार ओढींसाठी मुठीत जीव उरलाय का, हे स्वतःला विचारा. उत्तर डळमळीत आलं की तिथून खाली यायचं. दोराखाली किमान फूटभर भुसभुशीत माती किंवा जाड गादी ठेवा, आणि दोराचं टोक गादीवर पसरू देऊ नका, उतरताना त्यावर पाय पडून घोटा मुरगळतो.